थंडीच्या रात्री बाळाची ऊब आणि सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांत पहाटेचा पारा अनेकदा 8 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. त्या दिवसांत आमच्याकडे तपासणीला दोन प्रकारची बाळे येतात. काही जन्मतः कमी वजनाची असतात, अंगाने गार पडलेली आणि दूध ओढेनाशी झालेली. काही मात्र चांगली बाळसेदार असतात, पण तीन स्वेटर आणि दोन गोधड्यांखाली घामाने भिजून रात्रभर किरकिरलेली असतात. दोन्हीकडच्या आयांचे आणि आज्यांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात, उत्तरे मात्र एकसारखी देता येत नाहीत. म्हणून खालची उत्तरे मुख्यतः पूर्ण दिवसांच्या, वजन नीट वाढत असलेल्या बाळासाठी आहेत, आणि कमी वजनाच्या बाळाची गोष्ट जिथे वेगळी आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

बाळाला आपल्यापेक्षा जास्त थंडी वाजते, हे खरे आहे का?

नवजात बाळाच्या बाबतीत हे खरे आहे. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यातही डोके शरीराच्या मानाने बरेच मोठे असते, त्यामुळे उष्णता भराभर बाहेर जाते. मोठा माणूस गारठला की कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून ऊब तयार होते, पण नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते स्वतःला उबदार ठेवते. ही चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठते. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तिचा साठा थोडाच असतो, आणि ते पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा फार लवकर गार पडते.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र घरात क्वचितच बोलली जाते. जास्तीची उष्णता बाहेर टाकणेही बाळाला अवघड जाते. त्याला मोठ्या माणसाइतका घाम येत नाही, नको झालेले पांघरूण त्याला बाजूला सारता येत नाही आणि उकडते आहे हे सांगताही येत नाही. झोपेत अंग झाकलेले असताना उष्णता बाहेर पडण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे चेहरा आणि डोके. तेही झाकले, तर त्याच्याकडे फारसा उपाय उरत नाही.

खोलीचे तापमान किती असावे?

या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे वाचायला मिळतात आणि पालक गोंधळतात. ब्रिटनमध्ये बाळाच्या झोपेच्या खोलीसाठी 16 ते 20 अंश सेल्सिअस सांगितले जाते, आणि आपल्याकडे नवजात बाळाची खोली 25 अंशांच्या आसपास ठेवा असे सांगतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. 25 अंशांचा सल्ला पहिल्या दिवसांतील बाळासाठी आणि विशेषतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी आहे. 16 ते 20 अंशांचा सल्ला पांघरूण घेऊन झोपणाऱ्या निरोगी, वाढत्या बाळासाठी आहे.

महिन्या-दोन महिन्यांच्या पुढच्या सुदृढ बाळासाठी 18 ते 22 अंश सेल्सिअस हा आपल्या घरांत साधता येण्याजोगा आणि सुरक्षित पल्ला आहे, असे माझे मत आहे. मुंबईत किंवा कोकणपट्टीत बहुतेक रात्री खोली काही न करताच या पल्ल्यात किंवा त्याच्या वर असते. त्यामुळे तिथे स्वेटर, हातमोजे आणि हीटर या साऱ्याची गरज क्वचितच पडते. खोलीचे तापमान दाखवणारा एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर विकत घ्यावा. तो बाळाच्या अंथरुणाच्या उंचीवर, हीटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा, कारण छताजवळची हवा खालच्यापेक्षा गरम असते आणि उंच टांगलेला थर्मामीटर फसवतो.

बाळाचे हातपाय गार लागतात. त्याला थंडी वाजते आहे का?

बाळाच्या पोटाला हात लावल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. थंडीत शरीर आधी छाती-पोटाकडचा रक्तपुरवठा सांभाळते आणि हातापायांकडचा कमी करते. त्यामुळे तळहात आणि तळपाय गार, कधी किंचित निळसरही, लागू शकतात आणि बाळ तरीही पूर्ण ठीक असते. केवळ गार बोटे पाहून आणखी एक स्वेटर चढवणे, ही रात्री सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

तपासण्याची रीत अशी आहे. आधी आपले हात एकमेकांवर चोळून उबदार करावेत, कारण गार हाताला सगळेच गरम भासते. मग हाताची मागची बाजू बाळाच्या पोटावर किंवा छातीवर, कपड्यांच्या आत, काही क्षण ठेवावी. त्यानंतर दोन बोटे मानेच्या मागे, केसांच्या खाली सरकवावीत आणि शेवटी तळपाय पाहावेत. पोट उबदार, मान कोरडी आणि पायही कोमट असतील तर काहीही करायचे नाही. मान ओलसर, केस दमट किंवा छाती आपल्या हाताला स्पष्ट गरम लागत असेल, तर पाय कितीही गार असले तरी एक थर कमी करायचा.

पोट उबदार पण पाय गार, ही अवस्था बाळानुसार वेगळी वाचावी लागते. चार-पाच महिन्यांच्या, सहा-सात किलोच्या बाळात ती बहुधा नेहमीचीच असते आणि पायमोजे पुरतात. पहिल्या महिन्यातील बाळात, विशेषतः कमी वजनाच्या बाळात, मात्र तो थंडीचा ताण सुरू झाल्याचा पहिला इशारा मानतात. आशाताईंनाही प्रशिक्षणात हेच शिकवलेले असते. अशा बाळाला लगेच आईच्या अंगाशी घेऊन ऊब द्यावी, दूध पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. पोट आणि पाय दोन्ही गार लागत असतील, तर बाळ कोणत्याही वयाचे असो, ही गंभीर अवस्था आहे.

थर्मामीटरवर कोणते आकडे लक्षात ठेवावेत?

काखेत लावलेल्या डिजिटल थर्मामीटरवर 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 97.7 ते 99.5 अंश फॅरनहाइट, हे नवजात बाळाचे योग्य तापमान आहे. 36.5 च्या खाली गेले की बाळाला ऊब द्यायला सुरुवात करावी, आणि 36 च्या खाली ते घरी सांभाळण्याचे प्रकरण राहत नाही. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. थर्मामीटरचे टोक काखेच्या मध्यभागी, कपडा मध्ये न येता, दंड अंगाशी धरून ठेवावे आणि आवाज होईपर्यंत हलवू नये. काचेचे पाऱ्याचे थर्मामीटर बाळासाठी वापरू नयेत.

रात्री नेमके किती कपडे घालावेत?

त्या खोलीत आपल्याला आरामात राहता येईल इतके कपडे मोजावेत आणि बाळाला जास्तीत जास्त एक थर अधिक द्यावा, हा नियम जगभर सांगितला जातो आणि तो चांगला आहे. मात्र हा हिशेब करताना पांघरूणही थर म्हणून धरायचे असते, हे विसरले जाते. झबले, स्वेटर, लोकरी पायजमा, दुपट्यात घट्ट गुंडाळणे आणि वरून गोधडी, असे पाच थर घालूनही "बाळाला एकच स्वेटर आहे" असे सांगणारे पालक मी नेहमी पाहतो.

खोली 22 अंश किंवा त्याहून उबदार असेल, तर पूर्ण बाह्यांचे सुती झबले, लंगोट किंवा डायपर आणि पातळ सुती पायजमा पुरतो. वर एखादे मलमलचे दुपटे चालेल. 18 ते 21 अंशांत आत सुती बंडी, त्यावर पायांसकट अंगभर येणारा सुती पोशाख आणि एक हलके पांघरूण किंवा झोपेची पिशवी असावी. 15 ते 17 अंशांत त्या दोन सुती थरांमध्ये किंवा त्यांच्यावर एक पातळ स्वेटर किंवा फ्लॅनेलचा थर वाढवावा आणि पायमोजे घालावेत. त्याच्याही खाली खोली जात असेल, तर केवळ कपडे वाढवत राहण्यापेक्षा खोली थोडी उबदार करणे किंवा बाळाला बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत झोपवणे अधिक उपयोगी ठरते.

एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे अधिक चांगले, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि पहाटे चार वाजता बाळाला पूर्ण न उठवता एक थर काढता किंवा घालता येतो. अंगालगत नेहमी सुतीच कपडा असावा. लोकर थेट त्वचेवर टोचते, आणि कृत्रिम धाग्याचे मऊ, लवदार कपडे घाम शोषत नाहीत. ओले लंगोट लगेच बदलावे, कारण ओला कपडा सुकताना बाळाच्या अंगातली उष्णता ओढून घेतो, आणि त्याच्यावर घातलेले दोन स्वेटरही तेवढी भरपाई करू शकत नाहीत.

झोपेची पिशवी म्हणजे बिनबाह्यांचा, खालून बंद असलेला आणि खांद्यावर अडकवायचा उबदार झगा. बाळाने पाय मारले तरी ती अंगावरून निघत नाही आणि तोंडावरही येत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. जुन्या मऊ साडीच्या दोन-तीन पदरांची अशी पिशवी घरीही शिवता येते. गळा इतकाच ठेवावा की बाळाचे डोके आत सरकणार नाही, आणि टोपी किंवा गळ्याशी नाडी ठेवू नये. वजन भरलेल्या पिशव्या किंवा जड पांघरुणे बाळासाठी वापरू नयेत.

टोपडे आणि कुंची रात्रभर ठेवावी का?

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आणि कमी वजनाच्या बाळाला टोपडे आवश्यक आहे. निरोगी, महिन्याच्या पुढच्या बाळाने घरात झोपताना टोपडे न घालणे अधिक सुरक्षित. त्याचे एक कारण वर आलेच आहे, की डोके हा उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग आहे. दुसरे कारण असे की सैल टोपडे झोपेत सरकून नाकावर येते आणि हनुवटीखाली बांधलेली नाडी गळ्याभोवती आवळू शकते.

टोपी नको हा सल्ला मुख्यतः जिथे घरे रात्रभर उबदार ठेवली जातात अशा देशांतून आलेला आहे, हेही इथे सांगायला हवे. पत्र्याच्या छताच्या घरात पहाटे खोली 10 अंशांवर येत असेल आणि ती गरम करण्याची सोय नसेल, तर नाडी नसलेली, डोक्याला नेमकी बसणारी पातळ सुती टोपी घालावी आणि त्या बदल्यात पांघरूण हलके ठेवावे. कुंची मांडीवर घेतलेल्या, जाग्या बाळासाठी सुंदर आहे. तिचा पाठीवर लोळणारा मोठा भाग झोपेत गोळा होऊन तोंडाशी येतो, म्हणून झोपवताना ती काढावी.

बाळाला आमच्या गोधडीत, शेजारी घेऊन झोपलो तर?

बाळ आईच्याच खोलीत असावे, याबद्दल दुमत नाही. निदान पहिले सहा महिने तरी तसेच करावे. मात्र त्याचे अंथरूण आईच्या हाताच्या अंतरावर पण वेगळे असणे सर्वांत सुरक्षित असते. मोठ्यांच्या रजईखाली दोन माणसांच्या अंगाची ऊब साठते आणि बाळ खाली सरकले की त्याचे डोके झाकले जाते.

अनेक घरांत वेगळ्या अंथरुणाला जागा नसते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान एवढे तरी पाळावे, की बाळाला आईची रजई न देता त्याचे स्वतःचे छोटे पांघरूण द्यावे, ते काखेपर्यंतच घालावे, हात बाहेर ठेवावेत आणि पांघरुणाच्या कडा गादीखाली खोचाव्यात. बाळाला उताणेच झोपवावे. डोक्याशी उशी, लोड किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. शेजारी झोपणारे कोणी दारू प्यालेले, गुंगीचे औषध घेतलेले किंवा धूम्रपान करणारे असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर एकत्र झोपणे पूर्ण टाळावे.

दुपट्यात गुंडाळायचे असेल तर पातळ सुती कापड घ्यावे, छातीवर सैल ठेवावे आणि कमरेखाली पाय दुमडता येतील इतकी जागा सोडावी. बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले, की गुंडाळणे त्या दिवसापासून बंद करावे.

जास्त उबेने नेमके काय बिघडते? थोडा घाम आला तर काय झाले?

घामोळे आणि किरकिर ही त्यातली सौम्य बाजू झाली. घामाने कपडे ओले होतात आणि पहाटे तेच बाळाला गार पाडतात, म्हणजे अती पांघरुणातून थेट थंडीकडे जाणे होते. गंभीर बाजू अशी आहे, की एक वर्षाखालील निरोगी दिसणाऱ्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याच्या घटनांमध्ये अती ऊब, झाकलेले डोके आणि पालथी झोप या गोष्टी वारंवार एकत्र आढळल्या आहेत. दोन ते चार महिन्यांच्या वयात हा धोका सर्वांत जास्त असतो. श्वासात काही अडथळा आला, तर बाळ एरवी झोपेतून जागे होते, मान वळवते, रडते. अती उबेत ही जाग येण्याची क्रिया मंदावते, असे मानले जाते. अमेरिकेत 1994 पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पांघरूण कमी करण्याचा सल्ला याच विचारातून आलेला आहे.

घाम नाही म्हणजे बाळाला उकडत नाही, असे समजू नये. लहान बाळ घाम न येताही तापते. लालसर चेहरा, गरम छाती, भरभर श्वास आणि नेहमीपेक्षा सुस्तपणा यांकडेही पाहावे.

कोणता हीटर घ्यावा आणि तो रात्रभर चालू ठेवावा का?

घरात आधीपासून असलेल्या लाल तापणाऱ्या रॉडचा हीटर बाळाच्या खोलीत मला सर्वांत कमी पसंत आहे. तो समोरच्या वस्तूंना थेट तापवतो, म्हणजे खोलीची हवा गारच राहते आणि हीटरकडची बाळाची बाजू मात्र भाजून निघते. त्याच्यावर पडलेले दुपटे काही क्षणांत पेट घेऊ शकते. पंख्याचा हीटर खोली लवकर तापवतो, पण त्याचा झोत बाळावर येता कामा नये. तेल भरलेला हीटर सावकाश तापतो, त्याचा आवाज येत नाही, आणि तापमान ठरवून दिले की तो आपोआप बंद-चालू होतो, म्हणून घ्यायचाच तर तो घ्यावा. त्याचा पत्राही चटका देण्याइतका तापतो, तेव्हा रांगणाऱ्या बाळाच्या घरात त्याला आडोसा हवा.

वापरण्याची रीत अशी ठेवावी. बाळाला झोपवण्याआधी अर्धा ते पाऊण तास हीटर लावून खोली 20 अंशांच्या आसपास आणावी, आणि सगळे झोपताना तो बंद करावा. आपोआप बंद होणारा तेलाचा हीटर असेल आणि पहाटे खोली फारच गार होत असेल, तर तो 18 अंशांवर ठेवून चालू राहू द्यायला हरकत नाही, मात्र तेव्हा बाळाच्या अंगावरचा एक थर आधीच कमी केलेला असावा. हीटर आणि पूर्ण पांघरूण हे दोन्ही एकत्र रात्रभर, हीच अती उबेची सर्वांत नेहमीची वाट आहे. हीटर अंथरूण, पडदे आणि वाळत घातलेल्या लंगोटांपासून निदान तीन फूट दूर असावा. 2000 वॉटचा हीटर 9 अँपिअरच्या जवळपास वीज ओढतो, म्हणून तो 16 अँपिअरच्या मोठ्या पिनच्या सॉकेटमध्येच लावावा. मोबाइलच्या चार्जरसोबत एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला हीटर वायर वितळवतो.

विजेचा हीटर खोलीतला प्राणवायू खातो, असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. तो हवा कोरडी मात्र भासवतो. 12 अंशांच्या हवेत 70 टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा 20 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता सुमारे 43 टक्क्यांवर येते, आणि बाळाचे नाक चोंदल्यासारखे होते. खोलीत ओला टॉवेल वाळत ठेवला, हीटरपासून दूर, तर थोडा फरक पडतो.

गरम पाण्याची पिशवी अंथरूण उबदार करण्यापुरती वापरावी आणि बाळाला ठेवण्याआधी काढून घ्यावी. विजेची चादर बाळाखाली किंवा बाळावर कधीच घालू नये.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी चालते का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आज्यांचा हेतू मायेचाच असतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे आणि ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी देणे ही आपली जुनी रीत आहे. पूर्वी ही खोली कुडाच्या भिंतींची, कौलांच्या फटींतून हवा जाणारी असे. आज तीच शेगडी सिमेंटच्या, अॅल्युमिनियमच्या खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत जाते, आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला वाट मिळत नाही.

या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो धुराबरोबरच येतो असेही नाही. लाल, बिनधुराचे निखारे त्याला भरपूर सोडतात. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची मोठ्या माणसातली लक्षणे, पण बाळ ती सांगू शकत नाही, ते फक्त अधिक गाढ झोपते. त्यामुळे बंद खोलीत पेटती शेगडी, कोळसा, लाकूड किंवा गॅसचा हीटर, थोड्या वेळासाठीही नको. घरात हीच रीत पाळायची असेल, तर ओवा तव्यावर दुसऱ्या खोलीत भाजून त्याच्या पुरचुंडीने आईला शेक द्यावा. बाळाला धुरी देऊ नये, तिच्याने त्याचा श्वासमार्ग सुजतो.

याच कारणाने बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून बाळाला आंघोळ घालू नये. पाणी बादलीत काढून घ्यावे, गिझर बंद करावा आणि मग बाळाला न्यावे.

तळव्यांना ब्रँडी चोळणे आणि कपड्यात कापराची पुडी बांधणे हेही थांबवावे. मद्य त्वचेतून शोषले जाते, आणि कापूर लहान बाळाला विषारी ठरू शकतो.

एखाद्या रात्रीचे उदाहरण सांगाल का?

निफाड तालुक्यातील शेतावरच्या एका घरातले पाच महिन्यांचे, 6.4 किलोचे बाळ आमच्याकडे आले होते, तक्रार होती "रात्री झोपत नाही, रोज एक वाजता रडून उठते." आम्ही आईला तीन रात्रींची नोंद करायला सांगितले. रात्री नऊला खोली 17 अंश, पहाटे पाचला 11 अंश. बाळाच्या अंगावर सुती बंडी, स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, लोकरी पायजमा, टोपडे, वरून गोधडी आणि शेजारी रॉडचा हीटर रात्री बारापर्यंत. एक वाजता आईने मानेखाली हात घातला तेव्हा केस ओले होते आणि काखेत 37.9 अंश भरले. दुसरा स्वेटर आणि टोपडे काढून गोधडी कमरेपर्यंत घेतली, तेव्हा अर्ध्या तासाने 37.1 भरले आणि बाळ झोपले. पहाटे तेच बाळ दमट बंडीमुळे पुन्हा रडले.

पुढच्या रात्रीपासून बदल केला. बाळाची बाज बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावली. सव्वाआठ ते नऊ हीटर, मग बंद. अंगावर सुती बंडी, सुती अंगभर पोशाख, पायमोजे, आणि जुन्या साडीच्या तीन पदरांची शिवलेली पिशवी. रात्रीच्या दुसऱ्या पाजण्याच्या वेळी, साधारण तीनला, आईने पोट आणि मान पाहून एक पातळ स्वेटर चढवायचा, कारण खरी थंडी तिथून पुढे असते. तळपाय थोडे गारच राहिले, पोट मात्र उबदार होते आणि सकाळचे तापमान 36.8 होते. थर वाढवण्याची वेळ झोपताना नव्हे, तर पहाटेआधी, हा या घरातला खरा बदल होता.

आमचे बाळ दोन किलोचे आहे. त्याच्यासाठी काय वेगळे करायचे?

त्याच्यासाठी सर्वांत भरवशाचा हीटर म्हणजे आईची छाती. कांगारू पद्धतीची सुरुवात 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातील बोगोटा शहरात, इनक्युबेटर अपुरे पडल्यामुळे झाली, आणि आज ती कमी वजनाच्या बाळांसाठी जगभर वापरली जाते. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभे, बेडकासारखे पाय दुमडून, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवावे. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर असावी, म्हणजे नाक मोकळे राहते. ओढणी किंवा मऊ धोतराने बाळाला अंगाशी बांधावे, वरून आईचा ब्लाउज आणि शाल येते. प्रत्येक वेळी निदान एक तास तरी ठेवावे, आणि जितके जास्त जमेल तितके उत्तम. आई थकली तर बाबा किंवा आजीही बाळाला असेच घेऊ शकतात. घेणाऱ्याने सपाट न झोपता पाठीला लोड लावून तिरके टेकावे.

अशा बाळाला वजन वाढेपर्यंत आंघोळ घालू नये, कोमट ओल्या कपड्याने भराभर पुसून लगेच कोरडे करावे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1990 च्या दशकात गावातल्या आरोग्यदूतांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा बाळाला उबदार ठेवणे हा त्यातला एक पाया होता. आज आशाताई जन्मानंतर 42 व्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांच्याकडे थर्मामीटर असतो. गार पाय दिसले, की त्यांना तेव्हाच सांगावे.

रात्रीच डॉक्टरांकडे कधी न्यावे?

तीन महिन्यांखालील बाळाचे तापमान 38 अंश किंवा त्याहून जास्त भरले, तर जादा कपडे काढून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, पण उतरले नाही तर सकाळची वाट पाहू नये. उतरले तरी दुसऱ्या दिवशी दाखवावे, कारण "कपड्यांमुळे असेल" या समजुतीत जंतुसंसर्ग सुटून जातो. उलट बाजूने, छातीशी धरून तासभर ऊब दिल्यावरही तापमान 36.5 च्या वर येत नसेल, किंवा पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर लगेच निघावे. नवजात बाळ विनाकारण गार पडू लागणे हे जंतुसंसर्गाचेही लक्षण असते.

बाळ दूध ओढत नाही, रडणे क्षीण झाले आहे, हलवूनही नीट जागे होत नाही, शांत असताना मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेते किंवा छाती आत ओढली जाते, यांतले एकही दिसले तर तापमान मोजत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि वाटेत बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून शाल घेऊन न्यावे. शेगडी किंवा गिझर चालू असलेल्या खोलीतून आणलेले बाळ असेल, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावी, म्हणजे प्राणवायू लगेच सुरू करता येतो.